फोनवरील गेममध्ये रंग, एक हात आणि सबटायटल यांची सोय कशी करून घ्यावी

फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवली, तरी गेम उघडल्यावर त्यातली अक्षरे होती तेवढीच बारीक राहतात, हा अनुभव नवख्या खेळाडूला बहुधा पहिल्याच दिवशी येतो. त्याचे कारण समजून घेतले, तर पुढची बरीच शोधाशोध वाचते. बहुतेक गेम आपली बटणे आणि अक्षरे फोनच्या नेहमीच्या घटकांतून तयार करत नाहीत. संपूर्ण स्क्रीन ते स्वतःच रंगवतात आणि तयार झालेले चित्र फोनच्या हवाली करतात. त्यामुळे अक्षरांचा आकार, ठळकपणा किंवा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवण्याची सोय यांसारख्या, मजकूर ओळखून काम करणाऱ्या फोनच्या सेटिंगना गेमच्या आत शिरायला वाटच मिळत नाही. याउलट तयार झालेल्या चित्रावर किंवा आवाजावर शेवटच्या टप्प्यात काम करणारी सेटिंग, म्हणजे रंग बदलणारा फिल्टर, स्क्रीन मोठी करून दाखवणारे भिंग आणि दोन्ही कानांत सारखा आवाज देणारी मोनो सोय, गेमलाही लागू होतात.

म्हणून कोणतीही सोय शोधताना आधी गेमच्या आत पाहावे आणि तिथे ती नसेल तरच फोनच्या सेटिंगकडे वळावे. गेमच्या निर्मात्याला कोणता ठिपका शत्रूचा आहे आणि कोणता नुसत्या झुडपाचा आहे, हे ठाऊक असते. फोनच्या दृष्टीने दोन्ही केवळ रंगीत ठिपके असतात. या लेखात रंगांच्या सोयीवर अधिक भर दिला आहे, कारण तिथे चुकीचा पर्याय निवडूनही आपण योग्य तेच केले असे वाटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

रंगांची अडचण नेमकी कोणती आहे

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतील एका प्रकाराचे काम बिघडलेले किंवा बंद असले, की काही रंगांच्या जोड्या एकमेकांत मिसळतात. सर्वाधिक आढळणारा प्रकार हिरव्या रंगाशी संबंधित पेशींचा आहे आणि त्याला सेटिंगमध्ये Deuteranomaly किंवा Deuteranopia असे नाव दिलेले असते. तांबड्या रंगाशी संबंधित प्रकाराला Protanomaly किंवा Protanopia म्हणतात. या दोन्हींत लाल, हिरवा, तपकिरी आणि नारिंगी यांचा गोंधळ होतो. मात्र दुसऱ्या प्रकारात गडद लाल रंग जवळजवळ काळा दिसतो, हा फरक गेमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. काळ्या पार्श्वभूमीवरचा लाल इशारा अशा खेळाडूला दिसतच नाही. तिसरा प्रकार Tritanopia हा विरळा असून त्यात निळा आणि हिरवा, तसेच पिवळा आणि गुलाबी यांची गल्लत होते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत सुमारे 8 टक्के पुरुषांना आणि सुमारे 0.5 टक्के स्त्रियांना लाल-हिरव्या रंगांची ही अडचण असते. इतर लोकसंख्यांत हे प्रमाण बहुधा कमी आढळते.

आपला प्रकार डॉक्टरांकडून कळलेला असेल तर उत्तमच आहे. तो माहीत नसला तरी काम अडत नाही, कारण पुढे दिलेल्या पद्धतीने प्रत्येक पर्याय खेळातच तपासून पाहता येतो. तपासणी सुरू करण्यापूर्वी मात्र रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद करावी आणि प्रकाश मध्यमाहून थोडा अधिक ठेवावा. पिवळसर स्क्रीनवर निळे रंग आधीच मंदावलेले असतात आणि लाल-हिरव्याची अडचण असलेल्या खेळाडूचा बहुतेक भार नेमका निळ्या-पिवळ्या फरकावर असतो. संध्याकाळी लावलेले सेटिंग सकाळी निकामी वाटते, यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

पहिली पायरी: गेममधील सोय शोधणे आणि ती ओळखणे

दातेरी चाकाचे चिन्ह दाबून सेटिंग उघडावे. रंगांचा पर्याय काही गेममध्ये ग्राफिक्सखाली, काहींत डिस्प्लेखाली, तर काहींत अगदी शेवटच्या 'इतर' या भागात दडलेला असतो. सुरुवातीचा शिकवणीचा भाग पूर्ण होईपर्यंत सेटिंगचे चिन्हच न दाखवणारे गेमही आहेत. तिथे तेवढी मजल मारण्यावाचून गत्यंतर नसते.

या पर्यायाचे तीन प्रकार आढळतात आणि त्यांचा दर्जा सारखा नाही. सर्वांत चांगला प्रकार म्हणजे रंगावर अवलंबूनच न राहणारा. 'टू डॉट्स' या कोड्याच्या गेममध्ये हा पर्याय सुरू केला, की प्रत्येक रंगाच्या ठिपक्यात वेगळे चिन्ह उमटते. 'अमंग अस'मध्ये पात्राबरोबर त्याच्या रंगाचे नाव लिहून येण्याची सोय आहे. 'लाल संशयास्पद वाटतो' अशी चर्चा चालणाऱ्या खेळात ती किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. 'कँडी क्रश'मध्ये तर मुळातच प्रत्येक रंगाच्या गोळीचा आकार निराळा आहे. चिन्ह, नाव किंवा आकार यांचा पर्याय उपलब्ध असेल तर तोच निवडावा आणि रंगांच्या फिल्टरच्या मागे लागू नये.

दुसरा प्रकार केवळ महत्त्वाच्या गोष्टींचे रंग बदलतो. शत्रूची कड, साथीदारांची नावे, नकाशावरील धोक्याची सीमा एवढेच बदलते आणि बाकीचे दृश्य तसेच राहते. रंग स्वतः निवडण्याची मुभा असेल, तर लाल-हिरव्याची अडचण असलेल्यांनी एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला पिवळा किंवा नारिंगी घ्यावा. Tritanopia असलेल्यांनी ही जोडी आंधळेपणाने उचलू नये. त्यांना लाल आणि निळसर हिरवा अधिक स्पष्ट दिसतात.

तिसरा प्रकार संपूर्ण दृश्यावर फिल्टर चढवतो आणि इथेच फसगत होते. काही निर्माते चुकून दुरुस्तीचा फिल्टर न देता नकलेचा फिल्टर देतात, म्हणजे रंगांधळ्या व्यक्तीला जग कसे दिसते ते इतरांना दाखवणारा. त्याचा उपयोग चित्रकाराला होईल, खेळाडूला होणार नाही. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. आपल्या प्रकाराचा पर्याय सुरू केल्यावर आपल्याला काहीही बदललेले दिसत नसेल, पण शेजारी बसलेल्या, सर्व रंग दिसणाऱ्या व्यक्तीला मोठा बदल दिसत असेल, तर तो नकलेचा फिल्टर समजावा आणि बंद करावा. दुरुस्तीचा फिल्टर असला, तर बदल आपल्याला दिसलाच पाहिजे आणि आधी एकसारख्या वाटणाऱ्या किमान एका जोडीत फरक पडलाच पाहिजे.

दुसरी पायरी: फोनचा फिल्टर

गेममध्ये काहीच नसेल, तर अँड्रॉइड फोनवर Settings > Accessibility येथे Color correction हा पर्याय पाहावा. नव्या आवृत्त्यांत तो Color and motion या भागात असतो, आणि काही कंपन्या त्याची जागा व नाव थोडे बदलतात, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत color लिहून शोधणे सोपे पडते. आयफोनवर Settings > Accessibility > Display & Text Size > Color Filters येथे हीच सोय असून Protanopia साठी Red/Green, Deuteranopia साठी Green/Red आणि Tritanopia साठी Blue/Yellow अशी फिल्टरची नावे आहेत. तिथेच तीव्रता कमी-अधिक करणारी पट्टीही मिळते.

गेममधील संपूर्ण दृश्याचा फिल्टर आणि फोनचा फिल्टर एकाच वेळी सुरू ठेवू नये. पहिल्याने सरकवलेला रंग दुसरा पुन्हा सरकवतो आणि परिणामी त्वचेचे रंग जांभळट, गवत राखाडी आणि धोक्याच्या खुणा भलत्याच रंगाच्या होतात. नेमका कोणता फिल्टर काम करत आहे याबद्दल संभ्रम असल्यास स्क्रीनशॉट काढून तो दुसऱ्या फोनवर पाठवून पाहावा. गेमचा फिल्टर त्या चित्रातच उतरलेला असतो. फोनचा फिल्टर सर्वसाधारणपणे स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, कारण तो चित्र स्क्रीनवर पोहोचताना अगदी शेवटी लागतो. हा स्क्रीनशॉट त्याच फोनवर पाहिला तर काहीच कळणार नाही, कारण त्याच्यावरही फिल्टर चढलेलाच असेल.

हा फिल्टर कायम सुरू ठेवण्याची गरज नाही. अँड्रॉइडवर त्याच पानावर शॉर्टकट सुरू करता येतो आणि आयफोनवर Accessibility Shortcut मध्ये Color Filters निवडले, की बाजूचे बटण तीनदा दाबून फिल्टर सुरू किंवा बंद होतो. होम बटण असलेल्या आयफोनवर तेच बटण तीनदा दाबावे लागते. हा शॉर्टकट तयार केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण खरी गंमत त्याच्यातच आहे.

एक उदाहरण: रंगीत पाण्याच्या नळ्या

नळ्यांमधील रंगीत पाणी एका नळीतून दुसरीत ओतून प्रत्येक नळीत एकच रंग आणायचा, अशा धाटणीचे अनेक गेम आहेत. हिरव्या रंगाची अडचण असलेला एक खेळाडू असा गेम खेळत आहे, असे समजू. सुरुवातीच्या पातळ्यांत लाल, निळा, पिवळा असे तीन-चारच रंग असतात आणि सर्व काही सुरळीत चालते. पुढे नऊ-दहा रंग येतात. त्यांत गडद हिरवा आणि तपकिरी एकसारखे दिसू लागतात, आणि फिकट जांभळा व निळा यांचाही भेद कळत नाही. गेम चुकीच्या रंगावर ओतू देत नाही, म्हणून चूक उघड होते, पण पाणी का ओतले जात नाही हे खेळाडूला समजत नाही.

त्याने आधी सेटिंगमध्ये चिन्हांचा किंवा नक्षीचा पर्याय आहे का ते पाहावे. तो नसल्यास फोनमध्ये Deuteranomaly साठीची दुरुस्ती सुरू करावी. आता तपकिरी आणि हिरवा वेगळे झाले, परंतु लाल रंग गुलाबीकडे झुकला आणि मुळात गुलाबी असलेल्या पाण्यासारखा दिसू लागला. हा फिल्टरचा दोष नाही. लाल-हिरव्यातील हरवलेला फरक निळ्या छटेत आणि उजळपणात हलवणे, एवढेच या फिल्टरला करता येते आणि तिथे आधीपासून दुसरे रंग बसलेले असतात. तीन मापांनी वेगळे केलेले रंग दोन मापांत बसवताना गर्दी होणारच. रंग चार-पाच असतील तर जागा पुरते. दहा असतील तर कुठली तरी जोडी एकमेकींना चिकटते.

अशा वेळी तीव्रतेची पट्टी उपलब्ध असल्यास ती निम्म्यावर आणून पाहावी. त्यानेही जोडी सुटली नाही, तर शॉर्टकटने फिल्टर सुरू आणि बंद करत त्या दोन नळ्यांकडे पाहावे. दोन्ही पाणी खरोखर एकाच रंगाचे असेल, तर फिल्टर बदलताना दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलतील. रंग वेगळे असतील, तर एकात बदल जास्त होईल आणि दुसऱ्यात कमी, किंवा दोन दृश्यांपैकी एकात तरी ते वेगळे दिसतील. एकच दृश्य अपुरे पडते, पण दोन दृश्यांची तुलना पुष्कळदा पुरेशी ठरते. वेळेची मर्यादा नसलेल्या कोड्यांत ही युक्ती उत्तम चालते. धावत्या लढाईत मात्र बटण तीनदा दाबायला सवड नसते, म्हणून तिथे गेमचेच पर्याय हवेत.

गेम विकत घेण्यापूर्वी त्याच्या दुकानातील पानावरची चित्रे फोन Grayscale म्हणजे राखाडी छटांवर ठेवून पाहिली, तरी पुष्कळ कळते. राखाडीतही ज्या वस्तू वेगळ्या दिसतात, त्यांचा फरक उजळपणाचा किंवा आकाराचा आहे आणि तो बहुतेकांना टिकून दिसेल. ही चाचणी अंदाजे आहे, कारण तांबड्या प्रकारात लाल रंग राखाडी चित्रात दिसतो त्याहूनही काळा दिसतो.

एका हाताने खेळण्याची मांडणी

फोनची स्वतःची एक हाताची सोय, म्हणजे स्क्रीनचा वरचा भाग खाली ओढणारी अँड्रॉइडची किंवा आयफोनची Reachability ही सोय, गेमसाठी फारशी उपयोगाची नाही. ती उभ्या स्क्रीनवर एखादे बटण गाठण्यापुरती आहे, सतत खेळण्यासाठी नाही. म्हणून एका हाताने खेळायचे असेल तर गेमची निवडच अर्धे काम करते. उभ्या स्क्रीनवर चालणारे आणि एका वेळी एकाच बोटाचा स्पर्श मागणारे गेम जवळजवळ तसेच्या तसे खेळता येतात. आडव्या स्क्रीनवरचे नेमबाजीचे गेम मात्र डाव्या अंगठ्याने चालणे, उजव्याने निशाणा धरणे आणि त्याच वेळी गोळी झाडणे अशी एकाच वेळी तीन कामे मागतात.

त्यांपैकी एक-एक काम हातावरून उतरवत जावे. 'कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल'मधील साध्या मोडमध्ये निशाणा शत्रूवर आला की गोळी आपोआप सुटते. पहिले काम तिथे कमी होते. चालण्याची काठी, म्हणजे स्क्रीनवरची जॉयस्टिक, वर ओढून धाव कायम करण्याची सोय असल्यास दुसरे कमी होते. फोन हातात धरून हलवल्यावर निशाणा हलवणारी जायरोस्कोपची सोय तिसरे काम मनगटावर टाकते, परंतु फोन स्टँडवर ठेवून खेळणाऱ्याला ती निरुपयोगी आहे. स्टँड आणि जायरोस्कोप यांपैकी काय घ्यायचे, हे मांडणीला हात लावण्यापूर्वीच ठरवावे. नाहीतर सगळी बटणे दोनदा हलवावी लागतात.

त्यानंतर बटणांची मांडणी बदलणारे पान उघडावे. फोन नेहमी धरता तसा किंवा ठेवता तसा ठेवून, अंगठा अथवा बोट न ताणता स्क्रीनवर गोल फिरवावे. त्या वर्तुळात जेवढी बटणे बसतील तेवढीच वारंवार वापरायची, असे ठरवावे. गोळी, उडी आणि लपणे ही आत घ्यावीत, बॅग आणि नकाशा बाहेर राहिले तरी चालते. बटणे मोठी करताना ती एकमेकांवर चढणार नाहीत हे पाहावे आणि ती थोडी पारदर्शक ठेवावीत. अँड्रॉइडवर कडेवरून बोट सरकवले की मागे जाण्याची क्रिया होते, म्हणून चालण्याची काठी अगदी कडेला चिकटवू नये. लढाईच्या मध्यावर गेममधून बाहेर पडायचे की नाही असे विचारणारी चौकट येत असेल, तर दोष बहुधा याचाच असतो. मूळ मांडणी तशीच राखून नवी मांडणी वेगळ्या क्रमांकाखाली जतन करावी आणि तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण मोठ्या अद्ययावतीनंतर मांडणी पुसली जाण्याचे प्रकार घडतात.

तळहात टेकून नको ते बटण दाबले जात असेल, तर आयफोनवरील Guided Access ही सोय पाहावी. ती सुरू करताना स्क्रीनवर बोटाने घेर काढून तेवढ्या भागातला स्पर्श बंद करता येतो. स्पर्श किती वेळ टिकला तर तो ग्राह्य धरायचा, असे ठरवणारी सोयही आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि हात थरथरणाऱ्यांना ती उपयोगी पडते, परंतु तिच्यामुळे प्रत्येक टिचकी तेवढ्या वेळाने उशिरा पोहोचते. चपळाईच्या गेममध्ये अचानक सर्वच काही संथ वाटू लागले, तर आधी हीच सोय तपासावी. आपोआप टिचक्या मारणारी बाहेरची अ‍ॅप मात्र स्पर्धेच्या ऑनलाइन गेममध्ये वापरू नयेत. अनेक गेमच्या नियमांत ती फसवणूक धरली जाते आणि खाते बंद होऊ शकते.

सबटायटल आणि आवाजाच्या खुणा

सबटायटल ही सोय गेमच्याच हातात असते. फोनच्या सेटिंगमधील कॅप्शनची शैली ही व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपसाठी असून गेम सहसा तिच्याकडे पाहत नाहीत. काही गेम सेटिंग उघडण्याची संधी देण्यापूर्वीच सुरुवातीचे दृश्य दाखवून टाकतात. ते हुकले, तर सबटायटल सुरू करून ते दृश्य पुन्हा पाहता येते का, हे मेनूत शोधावे. आकार, मागची गडद पट्टी आणि बोलणाऱ्याचे नाव असे तीन पर्याय मिळाले, तर मागची पट्टी सर्वांत आधी सुरू करावी, कारण बर्फाच्या किंवा आकाशाच्या दृश्यावर पांढरी अक्षरे कितीही मोठी केली तरी विरघळतात.

सबटायटलमध्ये साधारणपणे फक्त बोलणे येते. पाठीमागून येणारी पावले किंवा दार उघडल्याचा आवाज त्यात नसतो, आणि लढाईच्या गेममध्ये जीव तर त्याच्यावरच अवलंबून असतो. त्यासाठी आवाज डोळ्यांना दाखवणारी वेगळी सोय शोधावी लागते. 'फोर्टनाइट'मध्ये Visualize Sound Effects सुरू केले, की निशाण्याभोवती पावले, गोळीबार आणि खजिन्याच्या पेट्या यांच्या खुणा त्या-त्या दिशेला उमटतात. ही सोय ऐकू येणाऱ्यांनाही वापरता येते आणि अनेक जण ती वापरतात.

गेममध्ये काहीच नसेल, तर बोलणे ऐकून अक्षरांत दाखवणारी फोनची सोय उरते. अँड्रॉइडवर तिला Live Caption, तर आयफोनवर Live Captions म्हणतात. ती ठरावीक फोनवर आणि ठरावीक भाषांतच चालते आणि संगीत किंवा स्फोटांच्या गलक्यात शब्द गाळते, म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये संगीत व परिणामांचा आवाज कमी करून संवादांचा तेवढा वाढवावा.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूने मोनो आवाज सुरू केला, तर हरवलेले संवाद परत मिळतात, पण त्याच क्षणी आवाज डावीकडून आला की उजवीकडून, ही माहिती पुसली जाते. गोष्ट सांगणाऱ्या गेमसाठी मोनो योग्य आहे. पावलांच्या आवाजावर चालणाऱ्या गेममध्ये दिशेच्या खुणा स्क्रीनवर उमटवणारी सोय असेल तरच मोनो ठेवावा, आणि ती नसेल तर सरावाच्या सामन्यात दोन्ही पद्धतींनी प्रत्येकी दोन-तीन डाव खेळून कशात पाठीमागचा शत्रू लवकर कळतो ते पाहावे.